बेरीज आठ, म्हणून घर सोडायचं?

*"आम्ही एक फ्लॅट पाहिला आहे. 'एच' विंग, ६०२, इमारतीचा क्रमांक १४. घर आम्हा दोघांनाही मनापासून आवडलं आहे. पण सासूबाईंनी अंकशास्त्राच्या एका जाणकारांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की ६०२ची बेरीज ८ येते, आणि ह्यांची जन्मतारीख २६ एप्रिल १९८७, म्हणजे मूलांकही ८. डबल शनी, घर घेऊ नका. घ्यायचंच असेल तर दाराच्या आतून १ चा स्टिकर लावा. ह्यांच्या मोबाइल नंबरची बेरीज ४४, म्हणजे परत ८, आणि त्याचे शेवटचे चार आकडे ८१४३, त्यात 'सूर्य-शनीचं वैर' आहे, म्हणून नंबरही लगेच बदला असं ते म्हणतात. माझी जन्मतारीख १५ नोव्हेंबर १९९०. ती कोणी विचारलीच नाही. हा नंबर घेतल्यापासून ह्यांच्या धंद्यात दोनदा खोट आली हे खरं आहे, त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं मी धडपणे खोडूही शकत नाही. ह्या बेरजांना काही अर्थ असतो का?"*
*– उंबरठ्यावर अडलेली*

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. घराची कागदपत्रं, बांधकाम आणि हप्ता तुमच्या हिशेबात बसत असेल तर बेरजेसाठी ते सोडू नका. मोबाइल नंबर तर मुळीच सोडू नका, त्यात खरोखरीचं नुकसान आहे. ते कसं ते शेवटी सांगते.

आता बेरजेकडे येऊ. आकडे मिळवत मिळवत एक अंक उरेपर्यंत जायचं, ही रीत गूढ वाटते, पण शाळेत आपण सगळ्यांनीच ती वापरली आहे. गुणाकार बरोबर आला की नाही हे बघायला गुरुजी 'नवाचा ताळा' घ्यायला लावायचे, आठवतं? तोच हा ताळा. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक. त्यामुळे कुठल्याही संख्येला ९ने भागलं की जी बाकी उरते, तीच अंकांची बेरीज करत गेलं की हाती येते. ६०२ला ९ने भागा: ९ सहासष्टे ५९४, बाकी ८. म्हणजे 'घराचा अंक ८' ह्याचा गणिती अर्थ एवढाच की ६०२ला नवाने भागलं तर आठ उरतात. बाकी शून्य आली तर शून्याऐवजी ९ म्हणायचं, एवढाच काय तो फरक.

हे एकदा लक्षात आलं की एक गंमत दिसते. नवाने भागायचं असल्यामुळे संख्येत ९ हा अंक कितीही वेळा आला तरी बेरजेवर परिणाम शून्य. ६०२ची बेरीज ८, ६९२ची १७ म्हणजे ८, ६९९९२चीही ८. बेरजेपुरता ९ आणि ० ह्यांच्यात काडीचाही फरक नाही. पण अंकशास्त्रात ९ म्हणजे मंगळ, धडाडी, रक्त, अग्नी. आणि ० म्हणजे पोकळी, नंबरात आला की कटकट. एकाच शास्त्राच्या गणितात जे दोन अंक एकमेकांच्या जागी बिनधास्त बसतात, ते त्याच शास्त्राच्या फलितात दोन टोकांना असतात. हा पेच मी दोन-तीन जाणकारांपुढे ठेवला आहे. उत्तर म्हणून मला हसू मिळालं.

दुसरी गोष्ट इमारतीत उभं राहून बघण्यासारखी आहे. मजल्याचा आकडा आणि फ्लॅटचा आकडा ह्यांची बेरीज म्हणजेच घराचा अंक. मग आठ अंकाची घरं कुठली? १०७, २०६, ३०५, ४०४, ५०३, ६०२, ७०१. इमारतीच्या नकाशावर ही घरं तिरक्या रेषेत येतात, मजला एकने वर गेला की फ्लॅट एकने मागे. आठ अंक जर खरोखरच विलंब, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज घेऊन येत असेल, तर प्रत्येक उंच इमारतीत अशी एक तिरकी पट्टी दुर्दैवी लोकांची असायला हवी. वर्षानुवर्षं कर्ज देणाऱ्या आणि विमा उतरवणाऱ्या लोकांचं पोटच अशा गोष्टी हेरण्यावर चालतं. ते बांधकामाचं वय बघतात, आगीचा धोका बघतात, तुमची परतफेड बघतात. घराच्या नंबरात असा फुकटचा इशारा दडलेला असता, तर त्यांनी तो कधीच उचलला असता.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. बेरीज कशी करायची हे ठरलेलं आहे. बेरीज *कशाची* करायची हे ठरलेलं नाही. तुमचंच घर घेऊन बघू.

फक्त ६०२ घेतलं तर ८. पण पाटीवर 'एच-६०२' असतं, आणि बरेच जण विंगचं अक्षरही धरतात. अक्षराला अंक द्यायचे दोन तक्ते चालतात. एकाला खाल्डियन म्हणतात, त्यात १ ते ८ असे अंक आहेत. दुसऱ्याला पायथागोरसचा म्हणतात, त्यात ए, बी, सी अशा ओळीने १ ते ९ आणि मग पुन्हा एकपासून. ए ते ई ही पाच अक्षरं दोन्हीकडे सारखी आहेत, त्यामुळे त्या विंगांत राहणाऱ्यांना हा गोंधळ कळतही नाही. एफपासून फाटे फुटतात. तुमचा एच खाल्डियनमध्ये ५ आणि पायथागोरसमध्ये ८. म्हणजे घर एका तक्त्याने १३, अर्थात ४. दुसऱ्याने १६, अर्थात ७. आता इमारतीचा १४ मिळवा, कारण पत्ता पूर्ण धरावा असंही काही जण सांगतात. विंग सोडून ६०२ आणि १४ केलं तर १३, म्हणजे ४. खाल्डियन एच धरून १८, म्हणजे ९. पायथागोरसचा एच धरून २१, म्हणजे ३.

त्याच दाराची उत्तरं आठ, चार, सात, नऊ आणि तीन. नवांपैकी पाच अंक एकट्या तुमच्या घरातच निघाले, आणि आपण अजून रस्त्याचा नंबर किंवा पिनकोड धरलेलाही नाही. जाणकारांनी ह्यातला ८ उचलला. का उचलला हे त्यांना जरूर विचारा. 'अनुभवातून' असं उत्तर आलं तर पुढचं विचारा: मग विंग धरणाऱ्या जाणकारांचा अनुभव काय सांगतो?

हे तक्ते आले कुठून हेही सांगायला हवं, कारण 'हजारो वर्षांचं शास्त्र' ह्या शब्दांचा घरात फार दबाव पडतो. खाल्डिया म्हणजे प्राचीन बाबिलोनकडचा प्रदेश. तिथली जुनी लिपी मातीच्या पाट्यांवर खिळ्यांच्या आकाराच्या खुणांनी लिहीत. तिच्यात एच, जे, डब्ल्यू ही अक्षरं असण्याचा प्रश्नच नव्हता. 'जे' तर 'आय'पासून वेगळं अक्षर म्हणून युरोपात रुळलं ते अवघ्या काही शतकांपूर्वी. इंग्रजी वर्णमालेचा हा तक्ता घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा कीरो ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम जॉन वॉर्नर ह्या आयरिश ज्योतिष्याचा, जन्म १८६६, मृत्यू १९३६. त्याच्या मांडणीत ४ हा अंक युरेनसचा आणि ७ नेपच्यूनचा होता. युरेनस दुर्बिणीतून सापडला १७८१ साली आणि नेपच्यून १८४६ साली. आपल्याकडे ती मांडणी आली तेव्हा ह्या दोघांना उठवून त्यांच्या जागी राहू आणि केतू बसवले गेले, आणि ४ म्हणजे राहू, ७ म्हणजे केतू असं आपण पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान असल्यासारखं म्हणू लागलो. पाट्या बदलल्या, पण ४ आणि ८ ह्या दोन अंकांची धास्ती मात्र कीरोचीच राहिली. तुमच्या सासूबाई आज जिला घाबरताहेत ती भीती साधारण शंभर वर्षांची आहे.

आता जन्मतारखा. तारखेच्या दिवसाची बेरीज म्हणजे मूलांक आणि अख्ख्या तारखेची बेरीज म्हणजे भाग्यांक. तुमच्या यजमानांचा मूलांक ८, हे बरोबर. भाग्यांक मात्र पत्रात नाही, तो मी काढला: २+६+४+१+९+८+७ म्हणजे ३७, म्हणजे १०, म्हणजे १. तुमचा मूलांक १५ वरून ६. भाग्यांक १+५+१+१+१+९+९+० म्हणजे २७, म्हणजे ९. दोन माणसं आणि चार अंक: ८, १, ६, ९. शनी, सूर्य, शुक्र, मंगळ.

ग्रहांची मैत्री आणि शत्रुत्व ह्याचा जुना कोष्टक आपल्या ज्योतिषात आहे, आणि बरेच अंकशास्त्री तोच उसना घेतात. त्यात शनीचे मित्र बुध आणि शुक्र, म्हणजे ५ आणि ६; शत्रू सूर्य, चंद्र, मंगळ, म्हणजे १, २, ९. सूर्याचे मित्र चंद्र, मंगळ, गुरू, म्हणजे २, ९, ३. शत्रू शुक्र आणि शनी, म्हणजे ६ आणि ८. आता हे यजमानांना लावून बघा. २ आणि ९ त्यांच्या भाग्यांकाला मित्र आणि मूलांकाला शत्रू. ६ मूलांकाला मित्र आणि भाग्यांकाला शत्रू. त्यांचे स्वतःचे दोन अंकच एकमेकांचे वैरी. दोघांनाही मित्र असलेला अंक त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही. त्यांना बहुतेक कुठलंही घर दाखवा, हवं तर नाकारता येईल आणि हवं तर पसंत करता येईल. मूलांकावर बोट ठेवायचं की भाग्यांकावर, एवढंच ठरवायचं.

आणि आता तुमच्याकडे वळू, ज्यांना कोणी विचारलंच नाही. तुमचा मूलांक ६, शुक्र. शुक्राचे मित्र बुध आणि शनी. म्हणजे ८ अंकाचं घर तुम्हाला मित्राचं घर आहे! तुमचा भाग्यांक ९, मंगळ. त्याला शनी सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू. म्हणजे कागदावर पहिलं नाव तुमचं लागलं की ह्याच शास्त्राच्या नियमांनी ६०२ला हिरवा कंदील. इतकंच नाही. वर इमारतीचा क्रमांक आणि पायथागोरसचा एच धरून बेरीज ३ आली होती, ती गुरूची. गुरू सूर्याचा मित्र, मंगळाचा मित्र, शनीला सम, शुक्रालाही सम. तुमच्या दोघांच्या चारही अंकांत ३ला एकही शत्रू नाही. म्हणजे एका जाणकाराने 'डबल शनी' म्हणून टाकलेलं घर दुसरा जाणकार 'ह्या जोडप्यासाठी उत्तम' म्हणून सुचवू शकतो, आणि दोघांच्याही बेरजेत चूक काढता येणार नाही.

राहू-केतूंचं, म्हणजे ४ आणि ७चं ह्या कोष्टकात नीटसं स्थान नाही, कारण तो मूळ सात ग्रहांचा. तिथे प्रत्येकजण आपल्या मनाने रकाने भरतो. वेगवेगळ्या तक्त्यांत ४चे मित्र वेगवेगळे दिसतात ते त्यामुळे.

स्टिकरचं त्यात काय बसतं? आठात एक मिळवला की नऊ. पण नऊ हा मंगळ, आणि वरच्याच कोष्टकात मंगळ शनीचा शत्रू. म्हणजे डबल शनी नको म्हणून मूलांकाच्या वैऱ्याला दारावर बसवायचं. विंग धरली तर तोच स्टिकर चाराचे पाच करतो, किंवा साताचे आठ. ज्या आठातून सुटायचं होतं तिथेच नेऊन सोडतो. तसं पाहिलं तर दारावर कुठला तरी एक अंक चिकटवून एक ते नऊपैकी हवी ती बेरीज आणता येते, कारण नवाच्या ताळ्यात दर वेळी एक पाऊल पुढे सरकायचं असतं. म्हणून हा उपाय कधी 'फसत' नाही. आणि बाहेरच्या पाटीवर ६०२ असताना आतला १ मिळवला गेला हे घराला कोणी कळवायचं, हा प्रश्न मी सोडून देते.

मोबाइलकडे येऊ. इथे मोकळं रान आणखी मोठं आहे.

दहा आकड्यांची बेरीज ४४, म्हणजे ८. पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमाप्रमाणे फोनचा पूर्ण नंबर देशाच्या कोडसकट असतो, जास्तीत जास्त १५ आकडी. परदेशातून लावायचा झाला तर ९१शिवाय तो लागणारही नाही. ९१ धरला की बेरीज ५४, म्हणजे ९. शेवटचे चारच आकडे महत्त्वाचे मानणारा पंथही आहे. ८१४३ची बेरीज १६, म्हणजे ७. सात, आठ आणि नऊ, तिन्ही एकाच नंबरात. शिवाय नंबर 'कंपनं' सोडतो असं म्हणतात, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगते. मोबाइलचं जाळं सिमला ओळखतं ते तुमच्या दहा आकडी नंबराने नव्हे. सिममध्ये आयएमएसआय नावाचा १५ आकड्यांपर्यंतचा वेगळाच क्रमांक असतो, ओळख त्याच्यावर पटते. लोक जो नंबर लावतात तो कंपनीच्या नोंदवहीत त्या क्रमांकाशी जोडलेला असतो, बस. रात्रंदिवस खिशात असतो तो आयएमएसआय, आणि त्याची बेरीज आजवर कुणी कुणाची विचारलेली नाही.

राहिली 'सूर्य-शनीचं वैर' ही जोडी. शेजारशेजारचे दोन आकडे घ्यायचे आणि त्यांच्या ग्रहांचं भांडण आहे का ते बघायचं, अशी ती रीत. शनी हा सूर्याचा मुलगा आणि बापाशी त्याचं पटत नाही, ह्या पुराणकथेवरून ८१ आणि १८ वाईट ठरतात. ऐकायला फार परिणामकारक वाटतं, कारण 'तुमच्या नंबरात दोष आहे' म्हणताना ठरावीक दोन आकड्यांवर बोट ठेवता येतं. पण मोजून बघा. दहा आकडी नंबरात शेजाऱ्यांच्या नऊ जोड्या होतात. ०० ते ९९ अशा शंभर जोड्या शक्य आहेत. त्यांतल्या फक्त दहाच वाईट मानल्या, तरी एकही वाईट जोडी नसण्याची शक्यता ०.९चा नववा घात, साधारण ०.३९. म्हणजे कुठल्याही शंभर नंबरांपैकी साठ-एकसष्ट नंबरांत किमान एक 'दोष' निघणारच. वाईट जोड्या पंधरा धरल्या तर चारांतले तीन नंबर सदोष. बहुतेक यादी ह्याहून लांब असते. दोष निघाला ह्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. आश्चर्य न निघण्याचं आहे.

आता धंद्यातली खोट. तुम्ही ती प्रामाणिकपणे लिहिलीत, म्हणून तिला बगल देत नाही. नंबर घेतल्यापासून दोनदा नुकसान झालं. एका कागदावर दोन रकाने करा आणि हा नंबर नसतानाच्या तितक्याच वर्षांत काय काय बिघडलं तेही लिहा. मग हा नंबर असताना काय काय *चांगलं* झालं तेही लिहा. नवीन घर घेण्याइतके पैसे साठले, हे त्यातच येतं. आपण खोट आठवतो आणि मग तिच्या आगेमागे कारण शोधतो. कारण म्हणून नंबर सापडला की जे चांगलं घडलं त्याचं श्रेय त्याला द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. आणि धंद्यात खोट का आली ह्याची नेहमीची कारणं, उधारी अडकणं, माल पडून राहणं, एकाच गिऱ्हाइकावर मदार, ती नंबर बदलून जात नाहीत. नंबराला दोष दिला की त्यांच्याकडे बघायचं राहून जातं, म्हणून हा सगळा प्रकार मला नुसता निरुपद्रवी वाटत नाही.

सासूबाईंना वादाने पटणार नाही, म्हणून एक तपासणी सुचवते. ती त्यांनीच करावी, तुम्ही नाही. त्यांच्या ओळखीतली दहा कुटुंबं घ्यावीत, ज्यांची गेल्या काही वर्षांची हकीकत त्यांना पक्की ठाऊक आहे: पाच बरी चाललेली, पाच ओढगस्तीची. कागदावर नावं लिहायची नाहीत, फक्त घराचे पूर्ण नंबर आणि कर्त्या माणसांच्या जन्मतारखा, त्यांच्या संमतीने. बेरीज कशाची धरणार हे जाणकारांनी आधी लिहून द्यायचं, हे सगळ्यांत महत्त्वाचं. नाहीतर नंतर विंग आत-बाहेर करता येते. मग विचारायचं: ह्यातली ओढगस्तीची पाच घरं कुठली? डोळे मिटून पाच निवडली तरी सरासरीने दोन-तीन बरोबर येतात, तेव्हा तीन आली म्हणून टाळ्या नकोत. चार किंवा पाच बरोबर येण्याची शक्यता निव्वळ नशिबाने २५२मध्ये २६, म्हणजे दहात एक. पाचच्या पाच येण्याची २५२मध्ये एक. पाच आली तर मला जरूर कळवा, मी पुन्हा दहा घरांची यादी पाठवीन. जाणकारांनी 'असं नुसत्या नंबरावरून सांगता येत नाही' म्हटलं, तर तुमच्या घराबद्दल त्यांनी नुसत्या नंबरावरूनच सांगितलं होतं, ह्याची सासूबाईंनाच आठवण होईल.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अंकाचा माणसावर परिणाम नसला तरी माणसांच्या समजुतीचा घराच्या किमतीवर होऊ शकतो. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातल्या घरविक्रीचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला. जिथे चिनी वंशाचे रहिवासी जास्त, त्या भागांत शेवटी ४ असलेली घरं साधारण २.२ टक्के स्वस्त आणि शेवटी ८ असलेली साधारण २.५ टक्के महाग विकली गेली होती. बघा, तुम्ही ज्या आठाला घाबरता त्याच्यासाठी तिथे लोक जास्त पैसे मोजतात. बीजिंगचं ऑलिंपिकही मुद्दाम ८-८-२००८ला रात्री आठ वाजता सुरू केलं होतं. तिथे बेरीज वगैरे कोणी करत नाही, नुसता आकडा बघतात. दोन समाज, एकच आठ, एक त्याला शनी म्हणतो आणि दुसरा भरभराट.

ह्याचा तुम्हाला व्यवहारात उपयोग आहे. विकणाऱ्याकडे आठ अंकाच्या भीतीने दोन-चार गिऱ्हाइकं परत गेली असतील तर तो किमतीत थोडा नरम असेल. तुम्ही कारण बोलून दाखवू नका, भाव मात्र करा. आणि उद्या विकायला काढाल तेव्हा अशीच गिऱ्हाइकं तुमच्याकडून परत जातील हे आज धरून चाला.

स्टिकरबद्दल: सासूबाईंचं मन त्याने शांत होणार असेल तर दाराच्या आतून खुशाल लावा. एक कागद आहे, त्यावरून घरात अबोला नको. फक्त तीन पथ्यं पाळा. बाहेरच्या पाटीवर किंवा कागदपत्रांत नंबरात फेरफार करू नका. रुग्णवाहिका, पोस्ट आणि करार ह्या तिघांनाही ६०२च हवा असतो. ह्या उपायासाठी पैसे मागितले तर देऊ नका. आणि 'एकाने भागलं नाही, आता मुलांच्या नावाचं स्पेलिंग बदलू' असा पुढचा अध्याय सुरू झाला की तिथेच थांबा. ही साखळी नेहमी घरापासून मोबाइलकडे, मोबाइलपासून सहीकडे आणि सहीपासून नावाकडे जाते.

आणि नंबर. यजमानांचा आजचा नंबर बँकेशी, सगळ्या खात्यांच्या पासवर्डशी आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनशी बांधलेला आहे. बंद केलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या माणसाला देते. तुम्ही एखाद्या ठिकाणी तो बदलायला विसरलात, तर तिथला ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या हातात पडेल. धंदा करणाऱ्या माणसाला ही जोखीम कुठल्याही शनीपेक्षा जड आहे. सासूबाईंचा फारच आग्रह असेल तर दुसरं सिम घ्या, त्याची बेरीज त्यांना हवी ती असू दे, त्यांच्याशी बोलायला तोच नंबर वापरा. जुनं सिम चालू ठेवा आणि कंपनीने ते बंद करू नये म्हणून त्यावर वेळोवेळी रिचार्ज मारत राहा.